दाताची तीन कोटेशनं

एका माणसाचा पुढचा दात दुखत होता, आणि मी त्याला सांगितलं, आधी तीन कोटेशनं पाठवा. माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा मूर्खपणा कोणता असं कोणी विचारलं, तर मी हाच सांगते. बाकीचे मूर्खपणे पुष्कळ आहेत, पण त्यांची किंमत मी स्वतः चुकवली. याची किंमत दुसऱ्याने चुकवली. तो क्लॅरिनेट वाजवायचा. आता वाजवत नाही.

मी तेव्हा भोपाळजवळ मंडीदीपच्या एका खासगी कारखान्यात परचेसमध्ये होते. आमचे हे बरखेड्याजवळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात, म्हणून घर टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये, आणि मी रोज सकाळी कंपनीच्या बसने मिसरोदवरून मंडीदीपला. गळ्यात चेनला अडकवलेला चष्मा, पर्समध्ये कॅल्क्युलेटर, आणि अर्थशास्त्रातली एम.ए.ची पदवी. ती पदवी कोणी बघायला मागत नसे, पण मी ती चालण्याबोलण्यात दाखवत असे. बसमध्ये खिडकीची जागा मला कोणी दिली नाही तर मला वाटायचं, या लोकांना शिक्षणाची कदर नाही.

आमचा कारखाना विजेची मोठी पॅनेलं बनवायचा. त्यासाठी लागणारं तांबं, बेअरिंग, स्विच, यांतलं बरंच बाहेरून यायचं आणि त्याची खरेदी माझ्याकडे. तांब्याने मला बिघडवलं, असं मी म्हणते. तांब्याचा भाव कोणत्याही देशातून मागवा, बँकेच्या दराने रुपयांत करा, भाडं आणि ड्यूटी मिळवा, उत्तर जवळजवळ तेच. कोणी जास्त सांगितलं तर मी फोनवरच म्हणायची, "भाईसाहब, दुनिया का भाव मेरी टेबल पर है." आणि तो खाली यायचा. वीस वर्षं हेच पाहिल्यावर माझी अशी ठाम समजूत झाली की जगात एका वस्तूला एकच भाव असतो, आणि मधल्या नोटा म्हणजे नुसते वेगवेगळे कपडे.

एम.ए.ला हा धडा होता. दोन देशांत सारखीच टोपली भरायला किती किती पैसे लागतात त्यावरून चलनाची खरी ताकद काढायची, आणि शेवटी बँकेचा दर तिकडेच येऊन ठेपतो, असा सिद्धांत. मी तो पाठ केला होता. सिद्धांताच्या खाली 'मर्यादा' असं एक पान होतं. आमच्या सरांनी सांगितलं, हे आधीच्या वर्षी येऊन गेलंय, यंदा येणार नाही. मी ते पान वाचलं नाही. परीक्षेत खरंच आलं नाही, म्हणून मी स्वतःवर खूश होते.

आता त्या क्लॅरिनेटवाल्याबद्दल. तो आमच्याच कारखान्यात फिटर, मूळचा इंदूरचा मराठी, राहायला अयोध्या नगरात. यांची आणि त्याची ओळख गणेशोत्सवातली, त्यामुळे मला तो 'वहिनी' म्हणायचा. टाउनशिपच्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला त्याचं क्लॅरिनेट असायचं. पहिल्या दिवशी तो सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून उभा राहायचा आणि आरतीचे सूर धरायचा, मग बेसूर गाणारी आम्ही पन्नास माणसं आपोआप सुरात यायचो. शेवटच्या दिवशी नाट्यगीतं. त्याची बायको पहिल्या रांगेत बसून मांडीवर बोटं नाचवायची, कारण घरी रियाज ऐकून ऐकून तिला बोटांच्या सगळ्या जागा पाठ. त्या दोघांना मूल नव्हतं. ती म्हणायची, "आमच्या घरात एकच रडतं, आणि तेही सुरात."

नॉर्वेच्या एका कंपनीने आमची पॅनेलं घेतली, तेव्हा ती बसवायला पाच महिन्यांसाठी तीन फिटर पाठवायचे ठरले. एक तो. पगार इकडे बायकोच्या खात्यात जमा होणार, राहायची सोय तिकडच्या साइटवर, आणि जेवणखाणाला रोजचा भत्ता क्रोनांत, म्हणजे तिकडच्या चलनात. भत्ता किती, हे ठरवायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं. म्हणाले, "मैडम, आप तो विदेश का सब जानती हैं." मी भोपाळच्या पुढे परदेश म्हणून नेपाळसुद्धा पाहिलेला नव्हता. पण मी नाही म्हटलं नाही.

मी कागद घेतला. एका माणसाचं दोन वेळचं जेवण, चहा, दूध, साबण, बसचं भाडं, महिन्यातून एक हजामत, हे सगळं भोपाळच्या भावाने रोजचे अडीचशे रुपये. मग मी मनाने मोठी झाले आणि त्याचे दुप्पट केले. पाचशे. तेव्हा एका क्रोनला दहाच्या आसपास रुपये पडायचे. म्हणजे रोजचे पन्नास क्रोन. खातरजमा म्हणून मी नॉर्वेच्या एका कॅटलॉगमधून एका बेअरिंगची किंमत काढली आणि दहाने गुणली. आपल्याकडच्या भावाशी तंतोतंत. झालं, सिद्ध. नोटवर सही केली. साहेबांनी वाचून म्हटलं, "दुगना? आपने तो बड़ा दिल दिखाया."

जायच्या आधी तो घरी आला होता. यांच्याबरोबर चहा पीत त्याने मला विचारलं, "वहिनी, तिकडे हजामत केवढ्याला पडेल? मिशीची काळजी आहे."

मी म्हटलं, "इथे चाळीस, म्हणजे तिकडे चार क्रोन. फार तर पाच धरा."

"बस, मग टेन्शनच नाही," तो म्हणाला. "बाजा नेतोय बरोबर. थंडीत लाकूड तडकतं म्हणतात, मफलरमध्ये गुंडाळून नेतो."

जानेवारीत ते गेले.

पंधरा दिवसांनी त्याची बायको भाजीबाजारात भेटली. म्हणाली, "वहिनी, हे रोज बटाटे खातायत. तिथे हजामतीला साडेतीनशे मागितले म्हणे."

"साडेतीनशे रुपये?"

"नाही हो, साडेतीनशे ते क्रोन."

मी हसले. भर बाजारात, मेथीची जुडी हातात धरून, मी हसले. म्हटलं, अहो, कुठल्या तरी हॉटेलातल्या भारी दुकानात शिरला असेल, साधं दुकान शोधायला सांगा. तिने मेथी घेतली आणि गेली.

फेब्रुवारीत त्याचा ईमेल आला. साइटच्या कॉम्प्युटरवरून, इंग्रजी अक्षरांत मराठी. वरचा पुढचा दात बरेच दिवस दुखतोय, आता हिरडी सुजलीय. विम्याच्या माणसाला विचारलं, तो म्हणतो हातपाय मोडला तर देऊ, दात यात येत नाही. तिथला डॉक्टर रूट कॅनलचे सात हजार क्रोन सांगतो. कंपनी ॲडव्हान्स देईल का? भत्त्यातून तर ब्रेड आणि बटाटेच होतात.

त्याचा महिन्याचा पगार होता अठरा हजार. सात हजार क्रोन म्हणजे सत्तर हजार, जवळजवळ चार महिन्यांचा पगार. आणि भोपाळमध्ये तेच काम तेव्हा तीन हजारांत व्हायचं. मी ते आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि मला राग आला. त्याचा नाही, त्या डॉक्टरचा. मला वाटलं, परका माणूस पाहून लुटतोय. आमच्या परचेसमध्ये लुटण्यावर एकच औषध. मी त्याला उत्तर टाकलं:

'नियमाप्रमाणे तीन कोटेशनं पाठवावीत. सर्वांत कमी दराला मंजुरीसाठी साहेबांकडे ठेवता येईल. बाजारात नीट फिरून बघावे.'

'नीट फिरून बघावे' हे शब्द मी लिहिले. उणे बारा अंशांत, सुजलेली हिरडी घेऊन फिरणाऱ्या माणसाला.

तो फिरला. हे मला नंतर कळलं, कारण त्याने ते सांगितलं नाही. साइटपासून गावात जायचं बसभाडं एका बाजूचं तीस क्रोन, म्हणून तो एकदा चालत गेला. सुट्टीच्या दिवशी दवाखाने बंद, म्हणून त्याने एका दिवसाची रजा टाकली. असे करत बारा दिवसांनी तीन कोटेशनं आली, तीन दवाखान्यांच्या लेटरहेडवर. सहा हजार आठशे. सात हजार. सात हजार दोनशे.

मी तुलनात्मक तक्ता बनवला. वीस वर्षांची सवय. बनवता बनवता हात थांबला. एक जण लुटत असता तर एका आकड्यात फरक पडला असता. हे तिघे एकमेकांच्या जवळ होते आणि तिघेही भोपाळच्या वीसपटीहून वर. पहिल्यांदा मनात आलं, तिघांनी साटंलोटं केलंय. मी इतकी हट्टी होते.

पण ईमेलच्या खाली त्याने अजून काही लिहिलं होतं. त्या तिसऱ्या दवाखान्यातला म्हातारा डॉक्टर बोलका होता, त्याच्याशी मोडक्या इंग्रजीत झालेलं बोलणं. ते मला अजून जसंच्या तसं आठवतं:

'वहिनी, मी त्याला विचारलं की इतके का. तो म्हणाला, माझ्याकडे फोन घेणारी मुलगी आहे, तिला मी कमी दिले तर ती उद्या तेलाच्या कंपनीत जाईल. इथे कचरागाडी चालवणारा आपल्या साहेबांपेक्षा जास्त कमावतो. पण हा डॉक्टर पण दिवसात तेवढेच दात करतो जेवढे आपला गुप्ता मार्केटवाला डॉक्टर करतो. तुमची बेअरिंग इथे पण त्याच भावात आहे, मी दुकानात बघितली. बेअरिंग जहाजात येते. डॉक्टरला जहाजात घालून कोण आणणार.'

खाली त्याने यादी दिली होती. बहुतेक वेळ घालवायला केली असेल. ड्रिल मशीन, मोबाइल, बेअरिंग: आपल्यासारखंच, थोडं इकडेतिकडे. ब्रेड, बस, हजामत, कपडे धुणं: आठपट, दहापट, काही तर त्याहून जास्त. दूध आणि चीज खरं तर बाहेरून येऊ शकतं, पण सरकार आपल्या शेतकऱ्यांसाठी त्यावर जबर ड्यूटी लावतं, म्हणून तेही महाग.

परतीच्या बसमध्ये मी ती यादी मांडीवर घेऊन बसले. मिसरोदच्या फाटकापाशी बस थांबली होती. मी यादीच्या मधोमध एक रेघ मारली. डावीकडे जहाजातून जाणारं, उजवीकडे न जाणारं. माणूस जगतो ते जवळजवळ सगळं उजवीकडे होतं, आणि मी वीस वर्षं डावीकडचं विकत घेत होते. बँकेचा दर ठरवणाऱ्यांत कोण कोण असतं, हेही तिथेच डोक्यात आलं: तांबं घेणारा, तेल आणि मासे विकणारा, शेअरमध्ये पैसे घालणारा, व्याज शोधणारा. भोपाळहून हजामत करायला नॉर्वेला जाणारा त्या रांगेत कोणी नसतो. मग हजामतीचा भाव त्या दराने सारखा यावाच कशाला?

मी त्याच्या यादीवरून टोपली पुन्हा भरली. जे इथे अडीचशे रुपयांत व्हायचं त्याला तिथे दोनशे क्रोन लागत होते. म्हणजे त्या टोपलीच्या दृष्टीने एक क्रोन सव्वा रुपयाचा, आणि बँक म्हणते दहाचा. माझे पन्नास क्रोन तिथे बासष्ट रुपयांचं काम करत होते. मी त्याला रोज पाचशे देतेय असं समजत होते. खरं म्हणजे मी त्याला सांगितलं होतं, बरखेड्यात बासष्ट रुपयांत दिवस काढ, आणि दात दुखला तर फिरून बघ.

दुसऱ्या दिवशी मी नवी नोट लिहिली. भत्ता रोजचे दोनशे वीस क्रोन, आणि दाताचा खर्च कंपनीचा. साहेबांनी ती वाचली, जुनी नोट शेजारी ठेवली आणि म्हणाले, "मैडम, पहले आप ही ने कहा दुगना है. अब आप ही कह रही हैं चौगुने से भी ऊपर. मैं ऊपर किस मुँह से भेजूँ?" मी बँकेच्या दराबद्दल, टोपलीबद्दल बोलू लागले. ते म्हणाले, "रेट तो दस का ही है ना?" मी म्हटलं, हो. म्हणाले, "तो फिर?" माझ्याच वाक्यांनी मला बांधून ठेवलं होतं. फाइल वर गेली, खाली आली, एक शंका घेऊन परत वर गेली. मार्चच्या शेवटी मंजूर झाली. तोपर्यंत त्याला ताप येऊ लागला होता आणि साइटवाल्यांनी त्याला आधीच परत पाठवलं होतं.

भोपाळला डॉक्टरांनी पाहिलं. पू मुळांपासून शेजारच्या दातापर्यंत गेलेला, वरचं हाड झिजलेलं. दोन्ही पुढचे दात काढले. बिल झालं साडेचार हजार रुपये. स्वस्त देश आमचा.

क्लॅरिनेट ज्यांनी जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: वरचे पुढचे दात वाद्याच्या फुंकायच्या टोकावर टेकतात, त्या टेकूवर सगळा सूर उभा असतो. त्याने कवळी लावून पाहिलं. कवळी हलायची, सूर तुटायचा. पक्के दात बसवायला हाडच पुरेसं नव्हतं. त्या वर्षीच्या गणपतीत तो आला, खांबाला टेकून उभा राहिला आणि टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी मंडळाने स्पीकर आणला.

त्याने मला कधी काही म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. मी स्वतःला सांगत आले की दात आधीपासूनच किडका असेल, की सिगरेट ओढत असेल, की ॲडव्हान्स तरी साहेबांनीच अडवला. म्हातारपणी माणूस खोटं बोलायला शिकतो असं म्हणतात, मी तर चांगली हातीपायी धड असतानाच पारंगत झाले होते. निवृत्त झाले, चष्म्याची चेन तुटली, गुडघे गेले, पण ते तसंच राहिलं.

गेल्या महिन्यात नात परीक्षेचा अभ्यास करत होती. ती बी.ए.ला अर्थशास्त्र घेऊन बसलीय. तिने पुस्तक उघडलं तो तोच धडा. मी म्हटलं, "सिद्धांत आधी वाच."

"आजी, सिद्धांत दोन ओळींचा आहे. मर्यादाच चार पानं आहेत. मी तिथूनच सुरू करते, मार्क्स तिथेच आहेत."

मी तिच्या खांद्यावरून ते पान पहिल्यांदा वाचलं. वाहतूक, कर, बाहेर न जाऊ शकणाऱ्या सेवा, मजुरीतला फरक, भांडवलाची ये-जा. सगळं होतं. चाळीसेक वर्षं तिथेच होतं. नात म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, यंदा हे येणार आहे."

रविवारी मी रिक्षा करून अयोध्या नगरात गेले. एकटीच. तो अंगणात तुळशीजवळ खुर्ची टाकून बसला होता, केस पांढरे, मिशी अजून तशीच. शेजारच्या स्टुलावर क्लॅरिनेटचे तुकडे उघडे पसरलेले, आणि तो एका काडीला कापूस लावून त्याच्या कळांना तेल देत होता. वाजवत नाही तरी दर महिन्याला देतो म्हणे.

मी बसले. चहा आला. मी म्हटलं, "तो भत्ता मी ठरवला होता. पन्नास क्रोन. साहेबांनी नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला. "नोटवर तुमची सही होती ना. मला जायच्या आधीच कॉपी दिली होती."

"आणि ती तीन कोटेशनं..."

"ती तर तुम्हीच मागितली होती वहिनी, ईमेलवर. ते मी कसं विसरेन?" त्याने काडी फिरवली. "मी रागावलो होतो. बहुत. दोन-तीन वर्षं. मग वाटलं, तुम्ही तिकडचं कधी पाहिलंच नव्हतं. मी पाहिलं होतं, तरी आधी तुमचंच खरं मानलं. मीसुद्धा चार क्रोन खिशात घेऊनच त्या हजामाकडे गेलो होतो."

तो हसला आणि हसताना हात तोंडापुढे धरला. मी माफी मागितली. नीट मागता आली नाही, मध्येच बेअरिंगचं काही तरी बोलत राहिले. तो पुढच्या कळेला तेल देऊ लागला.

मी उठले. आतून कुकरची शिट्टी झाली आणि त्याची बायको पदराला हात पुसत दारात आली. तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "वहिनी, आता जेवूनच जा. आमच्याकडे इतकी वर्षं सगळं मऊच शिजतं, तुम्हालाही या वयात बरं पडेल."